येशूच्या दोन वंशावळी वाचताना या चुका टाळा

मत्तयाच्या पहिल्या अध्यायात योसेफाच्या वडिलांचं नाव याकोब आहे, लूकच्या तिसऱ्या अध्यायात एली. बायबल अभ्यासवर्गात हा प्रश्न हमखास निघतो आणि कुणीतरी लगेच उत्तर देतं, "एक वंशावळ योसेफाची, दुसरी मरीयेची." वर्ग पुढे सरकतो, पण प्रश्न तिथेच राहतो.

चूक पहिली: फरक फक्त आजोबांच्या नावाचा आहे असं समजणं

दोन्ही याद्या शेजारी मांडून बघा. अब्राहामापासून दावीदापर्यंत त्या जवळजवळ सारख्याच चालतात. दावीदापाशी फाटा फुटतो: मत्तय शलमोनाकडून राजघराण्याने उतरतो, तर लूक दावीदाचाच दुसरा मुलगा नाथान याच्याकडून. पुढे बाबेलच्या बंदिवासाच्या काळात दोन्ही वाटा शल्तीएल आणि जरुब्बाबेल या बापलेकांपाशी एकत्र येतात. तिथेही मत्तय शल्तीएलाचा बाप यखन्या सांगतो आणि लूक नेरी. जरुब्बाबेलानंतर वाटा पुन्हा वेगळ्या होतात, त्या थेट योसेफापाशी मिळतात.

म्हणजे बापाच्या नावाचा पेच दोन ठिकाणी आहे, एक योसेफापाशी आणि एक शल्तीएलापाशी. कुठलाही खुलासा ऐकला की तो या दोन्ही सांध्यांवर बसतो का, ते तपासायचं. बहुतेक खुलासे एका सांध्यावर छान बसतात आणि दुसऱ्यावर अडखळतात.

चूक दुसरी: मत्तयाची यादी जन्मनोंदीसारखी वाचणं

मत्तय स्वतःच सांगतो की त्याने चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट केले आहेत. हा हिशेब जमवायला त्याने योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे गाळले आहेत. 1 इतिहास 3 उघडून ताडून बघता येतं. तिसऱ्या गटात तर शल्तीएलापासून येशूपर्यंत मोजली तर तेराच नावं भरतात. चौदा करायला यखन्याला पुन्हा धरावं लागतं. चौदाच का, याचं अनेकांना पटणारं कारण असं की दावीद या नावातल्या तीन हिब्रू अक्षरांच्या अंकमूल्यांची बेरीज (4+6+4) चौदा होते.

जरुब्बाबेल आणि योसेफ यांच्यामध्ये मत्तय नऊ नावं देतो, लूक अठरा. जरुब्बाबेल इ.स.पू. 520च्या सुमारास यरुशलेममध्ये होता. पाचशे वर्षांत मत्तयाच्या हिशेबाने एकेक पिढी पन्नासेक वर्षांची पडते, लूकच्या हिशेबाने सव्वीस-सत्तावीसची. मत्तयाने इथेही नावं गाळली असावीत, असंच वाटतं. पण गाळल्याने यादी आखूड होते, बाप बदलत नाही. त्यामुळे "मधली नावं सुटली असतील" हे उत्तर पेचाच्या दोन्ही जागी कामाचं नाही.

चूक तिसरी: "लूकची यादी मरीयेची" हे मुळातच लिहिलं आहे असं मानणं

हे मत लोकप्रिय झालं ते पंधराव्या शतकाच्या शेवटी, इटलीतल्या व्हितेर्बोच्या अन्निउस या धर्मगुरूमुळे. लूक म्हणतो की येशूला लोक योसेफाचा मुलगा समजत. या वाक्यात कंस जरा पुढे नेला, तर "लोकसमजुतीने योसेफाचा, खरं तर एलीचा" असा अर्थ काढता येतो आणि एली मरीयेचा बाप ठरतो. पण यादीत मरीयेचं नावच नाही. लूक आधीच्या अध्यायांत दावीदाच्या घराण्याचा म्हणतो तो योसेफाला, आणि मरीयेची नातलग अलीशिबा ही अहरोनाच्या कुळातली असल्याचं सांगतो. दुसऱ्या शतकातल्या परंपरेत मरीयेच्या वडिलांचं नाव योआकीम आहे. योआकीम, एल्याकीम आणि एली ही एकच नावं, असा दुवा नंतर जोडला गेला. शक्यता म्हणून तो ठेवता येतो, पुरावा म्हणून नाही. शिवाय शल्तीएलाचा बाप कोण, हा पेच याने सुटतच नाही.

चूक चौथी: आफ्रिकानुसचा खुलासा अर्धाच सांगणं

सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात विचारपूर्वक केलेला खुलासा तिसऱ्या शतकातल्या युलियुस आफ्रिकानुसचा. त्याचं पत्र युसेबिउसच्या मंडळीच्या इतिहासामुळे आपल्यापर्यंत आलं. त्याचा आधार अनुवाद 25 मधला नियम: भाऊ निपुत्रिक वारला तर दिराने विधवेशी लग्न करायचं, आणि पहिला मुलगा मृत भावाच्या नावाने चालायचा.

आफ्रिकानुस सांगतो ते असं. शलमोनाच्या शाखेतल्या मत्तानाने एस्था नावाच्या स्त्रीशी लग्न केलं, त्यांना याकोब झाला. मत्तान वारला. मग एस्थाने नाथानाच्या शाखेतल्या मल्खीशी लग्न केलं, त्यांना एली झाला. आई एक, बाप दोन. पुढे एली निपुत्रिक वारला, याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केलं आणि योसेफ जन्मला. रक्ताने तो याकोबाचा, कायद्याने एलीचा. दत्तक गेलेल्या मुलाला दोन घराण्यांची नावं लागतात, हे आपल्याकडे नवं नाही.

इथे आईला मध्ये आणणं भाग होतं. याकोब आणि एली एकाच बापाचे असते तर दोघांचे आजे-पणजेही एकच आले असते, आणि वंशावळी वेगळ्या झाल्याच नसत्या. पण नेमकी इथेच अडचण आहे. ज्यू धर्मशास्त्रात दिराचं हे कर्तव्य एकाच बापाच्या भावांना लागतं, नुसत्या एका आईच्या भावांना नाही. दुसरी अडचण अशी की आपल्या लूकमध्ये एली आणि मल्खी यांच्यामध्ये मत्ताथ आणि लेवी ही दोन नावं आहेत. आफ्रिकानुस मल्खीलाच एलीचा बाप म्हणतो, तेव्हा त्याच्यासमोरच्या प्रतीत ती बहुधा नसावीत.

आणि रूथची गोष्ट आठवा. बवाज तिच्याशी लग्न करतो ते मृत महलोनाचं नाव टिकावं म्हणून. तरीही मत्तय आणि लूक दोघंही ओबेदाचा बाप बवाजच लिहितात, महलोन नाही. म्हणजे या रूढीतल्या मुलाला मृताच्याच नावावर लिहायचा शिरस्ता खुद्द या याद्यांतही पक्का नाही.

चूक पाचवी: "गादीचा वारस" म्हटलं की सगळं सुटलं असं वाटणं

1853 साली इंग्लंडमधले पाद्री आर्थर हर्वी यांनी मांडलं की मत्तय सिंहासनाच्या वारसांची यादी देतो आणि लूक प्रत्यक्ष पूर्वजांची. यिर्मया 22 मध्ये यखन्याला "निपुत्रिक म्हणून लिहा" असं म्हटलं आहे. त्याचा वंश खुंटला आणि वारसा नाथानाच्या शाखेतल्या शल्तीएलाकडे, म्हणजे नेरीच्या मुलाकडे गेला. या खुलाशाचा जोर हा की तो शल्तीएलाच्या सांध्याला भिडतो.

पण 1 इतिहास 3 यखन्याचे मुलगे नावांनिशी देतो. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या शिधावाटपाच्या मातीच्या पाट्यांवर यहूदाच्या या राजासोबत त्याच्या पाच मुलांनाही तेल दिल्याची नोंद आहे. हर्वींची बाजू घेणारे म्हणतात, ते दत्तक असतील. असतीलही. जुन्या करारातही अशी दुहेरी नोंद आहेच: जरुब्बाबेल एज्राच्या पुस्तकात शल्तीएलाचा मुलगा आहे आणि 1 इतिहासात पदायाचा. तिथेही कारण दिलेलं नाही.

आजचे बरेच अभ्यासक जुळवाजुळव सोडून देतात. मत्तयाला दावीदाच्या गादीचा राजा दाखवायचा आहे, म्हणून तो राजांमधून उतरतो. लूक वंशावळ बाप्तिस्म्यानंतर घालतो आणि आदामापर्यंत, देवापर्यंत वर चढत जातो. दोघांच्या हाती वेगवेगळ्या याद्या असाव्यात, आणि निवड त्यांच्या हेतूने झाली. ही भूमिका मला जास्त प्रामाणिक वाटते, पण लूकला राजघराणं टाळून नाथानच का हवा होता, याचं उत्तर तिच्याकडेही नाही.

फरक मिटवून टाकायची घाई जुनीच आहे. बेझा नावाच्या प्राचीन ग्रीक-लॅटिन हस्तलिखितात लूकच्या तिसऱ्या अध्यायात योसेफापासून दावीदापर्यंत मत्तयाचीच नावं उलट्या क्रमाने घातली आहेत, आणि मत्तयाने गाळलेले राजेही त्यात भरले आहेत.