सर्पदंश आणि विषबाधेचा क्लेम: या चुका टाळा, नाहीतर क्वेरी आलीच समजा

पाऊस लागला की खानापूर, चंदगडच्या बाजूनं साप चावलेले पेशंट यायला सुरू होतात, आणि थोड्या दिवसांनी त्यांचे नातेवाईक माझ्या टेबलासमोर, हातात कंपनीचं क्वेरी लेटर. मी बेळगावात हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसतो. दरवर्षी तेच लेटर आणि तीच चूक, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या कागदावर काय लिहिलं जातंय तिकडं कुणाचंच लक्ष नसणं. पहिला कागद म्हणजे कॅज्युअल्टीचा, किंवा त्याच्याही आधी गावातल्या डॉक्टरनं दिलेली चिठ्ठी. लोक डिस्चार्ज समरी जपून ठेवतात, पण कंपनीचा डॉक्टर आधी इनडोअर केस पेपर मागवतो आणि त्यातलं पहिलं पान उघडतो. तिथं 'अननोन बाइट' किंवा 'पॉयझनिंग?' असं लिहिलेलं असलं आणि समरीत 'सर्पदंश' असलं की झालं, फाइल बाजूला.

एक केस सांगतो, मण्यारची. खानापूर तालुक्यातला एक शेतमजूर, खाली अंथरूण टाकून झोपलेला. पहाटे तीनच्या सुमाराला पोटात कळ यायला लागली. गावातल्या डॉक्टरनं ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि चिठ्ठीवर लिहिलं 'पोटदुखी, फूड पॉयझनिंग?'. सकाळी पापण्या उघडेनात, बोलणं जड झालं, तेव्हा घेऊन आले. कॅज्युअल्टीत चुलत भावानं, जो रात्री त्या घरात नव्हताच, सांगितलं, "काय तरी खाल्लंय वाटतंय बघा सर." ते जसंच्या तसं हिस्ट्रीत उतरलं. ड्युटी डॉक्टर हुशार होता, पापण्या बघून त्यानं मण्यार ओळखली आणि दहा व्हायल अँटिव्हेनम चालू केलं, पुढं पेशंट व्हेंटिलेटरवर गेला आणि वाचला. पण कागद तसाच राहिला.

मग क्वेरी आली. चावल्याची खूण नाही, सूज नाही, रक्त गोठण्याची वीस मिनिटांची टेस्ट नॉर्मल, निओस्टिग्मिनचं इंजेक्शन देऊन फरक नाही, हिस्ट्रीत 'खाल्लंय', एमएलसी म्हणजे हॉस्पिटलनं पोलिसांना कळवल्याची नोंद नाही, मग हा सर्पदंश कशावरून? टेबलावर बसून वाचणाऱ्याला हे सगळं संशयास्पद वाटणारच की. पण मण्यारचा दंश असाच असतो. दात बारीक असतात, खूण बऱ्याचदा दिसतच नाही, दुखत नाही, सूज येत नाही. तिचं विष नसांवर चालतं, रक्तावर नाही, म्हणून काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटांत व्यवस्थित गोठतं. ती टेस्ट बिघडते घोणस आणि फुरसं चावल्यावर. आणि निओस्टिग्मिननं नागाच्या दंशात फरक दिसतो, मण्यारमध्ये फारसा नाही, कारण ती नसेचं टोकच निकामी करते.

आम्ही काय केलं, तर ट्रीट करणाऱ्या डॉक्टरांकडून हेच सगळं एका पानात लिहून घेतलं. कोलिनेस्टरेजचा रिपोर्ट नॉर्मल होता तो वर लावला, कारण फवारणीचं औषध पोटात गेलं असतं तर तो घसरला असता. अँटिव्हेनमच्या बिलावरचे बॅच नंबर नर्सिंग चार्टशी जुळवले. बायको रात्री शेजारीच झोपलेली होती, तिचा जबाब जोडला. क्लेम पास झाला, पण किती महिने गेले ते विचारू नका, तोवर त्यांनी व्याजानं पैसे काढलेले.

म्हणून माझी सवय सांगतो. पेशंट आत गेला की एकच माणूस बोलायला उभा करायचा, जो घटनेच्या वेळी तिथं होता तो. कुठं झोपला होता, किती वाजता त्रास सुरू झाला, आधी कुठं दाखवलं, एवढं नीट सांगायचं. साप बघितला नसेल तर बघितला म्हणायचं नाही. खाली झोपला होता आणि पहाटे पापण्या जड झाल्या, एवढं खरं वाक्य डॉक्टरला पुरतं. मांत्रिकाकडं दोन तास घालवले असतील तर तेही सांगा, लपवलं तर वेळेचा हिशोब जुळत नाही आणि कंपनी तिथंच बोट ठेवते.

आणि हिस्ट्री चुकली तर खाडाखोड नको. "सर, तेवढं व्हाइटनर लावून द्या की" म्हणणारे दर महिन्याला भेटतात मला. अरे बाबा, व्हाइटनर दिसला की साधी क्वेरी होती ती फ्रॉडची चौकशी होते! जुनी नोंद तशीच ठेवून डॉक्टरांनी खाली तारीख, वेळ आणि सहीसकट नवीन नोंद करायची, तेही पेशंट ॲडमिट असतानाच.

दुसरी चूक एमएलसीची. विषबाधेत एमएलसी होतेच, सर्पदंशात काही हॉस्पिटलं करतात, काही विचारल्याशिवाय करत नाहीत. विचारा आणि नंबर लिहून घ्या. उपचार त्याच्यासाठी थांबत नाहीत, त्यामुळं घाबरायचं काही नाही. 2024 पासून कर्नाटकात सर्पदंशाची केस आरोग्य खात्याला कळवावी लागते, पण ते वेगळं, त्यानं एमएलसी झाली असं समजू नका. निपाणीत चावलं आणि कोल्हापुरात ॲडमिट केलं तर एमएलसी आधी कोल्हापूरच्या पोलिसांकडं जाते आणि तिथून इकडच्या स्टेशनला, मधे कागद आठवडेच्या आठवडे पडून राहतो. दोन्हीकडं फोन करत राहायला लागतं, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

फवारणीच्या औषधाच्या केसमध्ये घरचे एक सांगतात, पेशंट शुद्धीवर येऊन पोलिसांना दुसरंच सांगतो, आणि दोन्ही जबाब फाइलमध्ये शेजारी शेजारी. फवारताना अंगावर उडालं असेल तर कुठल्या शेतात, कुठलं औषध, पंप कुणाचा ते सांगा, बाटलीचा फोटो द्या. मुद्दाम घेतलं असेल तर अपघात विम्यात ते बसत नाही, खोटी हिस्ट्री घालून बसवायला जाऊ नका. मेडिक्लेमचं काय ते पॉलिसीचे नियम वाचून ठरतं.

कुत्रं चावल्यावरची इंजेक्शनं घेऊन घरी गेलात तर ती ओपीडी, साध्या मेडिक्लेममध्ये सहसा मिळत नाही. सरकारी दवाखान्यात घ्या, पण कार्डावर प्रत्येक तारखेला शिक्का घ्या. साप मारून पिशवीत आणू नका, कंपनी साप मागत नाही आणि मेलेल्या सापाचाही दात लागतो.

आता मृत्यू झाला तर. इथं माणसं घाईनं बॉडी घरी नेतात, पोस्टमॉर्टेम नको म्हणतात. बँकेतून 20 रुपये कापून जाणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूचे 2 लाख आहेत, आणि सर्पदंशासाठी तिथं लगेचचा हॉस्पिटल रेकॉर्ड चालतो, असं नियमातच आहे. पण हॉस्पिटलला पोचायच्या आधीच माणूस गेला तर तो रेकॉर्ड आणणार कुठनं? मग पंचनामा आणि पोस्टमॉर्टेम एवढंच हातात राहतं. खासगी अपघात पॉलिसीवाले तर ते मागतातच. वर एफआयआर मागतात, आणि लोक स्टेशनला चकरा मारतात. सर्पदंशात सहसा एफआयआर नसतोच, आपल्याकडं यूडीआर म्हणजे अनैसर्गिक मृत्यूचा रिपोर्ट होतो आणि महाराष्ट्रात अकस्मात मृत्यूची नोंद, त्याचीच सही-शिक्क्याची कॉपी द्यायची. पोस्टमॉर्टेममध्ये 'मत राखून ठेवलं' असेल तर व्हिसेराचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांकडून अंतिम मत लेखी घ्यायचं, ते आपणहून कुणी पाठवत नाही. पंचनामा कन्नडमध्ये असतो, पुण्या-मुंबईच्या ऑफिसला तो वाचता येत नाही, तेव्हा इंग्रजी भाषांतर पहिल्याच दिवशी सोबत लावा. आणि बँकेत क्लेम फॉर्म 30 दिवसांच्या आत द्या, व्हिसेरा यायचा राहिला असला तरी.