गेटच्या ज्युनियरने पाच प्रश्न पाठवले आणि त्यातला एक मुळातच चुकीचा असेल तर

गेटची प्रवेश परीक्षा देऊन एमटेकला लागलो की कॉलेजचे ज्युनियर मेसेज टाकायला लागतात. "दादा, पाच प्रश्न आहेत" म्हणत एका मुलीने यादी पाठवली: नोट्स कधी काढायच्या, कॅल्क्युलेटर नेता येतो का, नॅटचे किती प्रश्न सोडू म्हणजे निगेटिव्ह कमी बसेल, मॉकमध्ये ४१च येतायत काय करू, आणि स्कोअर किती वर्षं चालतो.

तिसरा बघा. नॅट म्हणजे आकडा टाइप करून द्यायचं उत्तर, त्याला गेटमध्ये निगेटिव्ह नसतंच, एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात त्या एमएसक्यूलाही नसतं. निगेटिव्ह फक्त एमसीक्यूला, एका मार्काच्या प्रश्नाला एक तृतीयांश आणि दोनच्याला दोन तृतीयांश. म्हणजे मी "चार-पाच सोड" म्हटलं असतं तर चुकीच्या समजुतीवर शिक्काच बसला असता.

आधी एका मुलाबरोबर मी याच जागी माती खाल्ली होती. "अरे बेसिकच माहीत नाही का" पासून सुरुवात, मग मार्किंगवर लांबलचक लेक्चर, तो बिचारा सॉरी म्हणून गप्प झाला आणि त्याचे बाकीचे प्रश्न तसेच राहिले.

यावेळी क्रम मोडला नाही. नोट्स पहिल्या वाचनात नको, प्रश्न सोडवल्यावर काढ. कॅल्क्युलेटर न्यायचा नाही, स्क्रीनवर असतो, आत्तापासून त्याचीच सवय कर. मग तिसऱ्याला लिहिलं: "नॅटला मायनस नाही गं, जेईई मेनमध्ये असल्यामुळे खूप जणांचा घोळ होतो, त्यामुळे एकही रिकामा सोडू नकोस. सोडायचे असतील तर एमसीक्यू, तेही चारही पर्याय सारखेच वाटत असतील तेव्हाच, कारण अंदाजे मारलं तर सरासरी शून्यच पडते, पण एक पर्याय जरी नक्की कटला तरी मारणं फायद्याचं." बस, एवढंच. समजूत कुठून आली ते सांगितलं की समोरच्याला मूर्ख ठरवल्यासारखं होत नाही, आणि तिला खरं हवं होतं ते, म्हणजे काय सोडायचं, तेही मिळालं.

पण चुकीची समजूत एकाच प्रश्नात गुपचूप बसून राहत नाही हो, म्हणून उरलेली उत्तरं लिहिताना ती तिथेही झिरपलीय का ते बघायचं. इथे चौथ्यात झिरपली होती. मी विचारलं, मॉकमध्ये नॅट किती रिकामे होते? नऊ! त्यातले सहा तिने अर्ध्याहून जास्त सोडवलेले, फक्त शेवटच्या आकड्याची खात्री नव्हती म्हणून उत्तर भरलं नव्हतं. मी म्हटलं ते सहा आता पूर्ण करून उत्तरं ताडून बघ, चार बरोबर निघाले. ४१ मधला थोडा भाग तिथेच अडकलेला, बाकी मात्र खरंच तयारीचा प्रश्न होता, तो वेगळा सांगितला, सगळं खापर नॅटवर फोडलं नाही.

पाचवं उत्तर एका ओळीत: निकाल लागल्यापासून तीन वर्षं.