एव्ही-वन मध्ये लेक्चर एन्कोड करताना या चुका टाळा: जुना सीआरएफ आणि चुकीचं सँपल

दीड तासाचं, फळ्यावर शिकवलेलं एक लेक्चर मला एव्ही-वन मध्ये लहान करायचं होतं. मूळ फाइल जेमतेम एक जीबी. जुन्या एक्स-२६४ एन्कोडरच्या सवयीने मी दर्जा ठरवणारा सीआरएफ 23 टाकला आणि रात्रभर मशीन चालू ठेवलं. सकाळी पाहिलं तर नवी फाइल मूळ फाइलपेक्षा मोठी!

चूक आकड्याची होती. एक्स-२६४ मध्ये सीआरएफचं माप 0 ते 51, तर एव्ही-वनच्या एसव्हीटी एन्कोडरमध्ये 0 ते किमान 63. आकडा तोच असला तरी अर्थ तो नाही. 23 ला एसव्हीटी खूप बारकावे जपतो, आणि मंद उजेडात शूट केलेल्या खोलीत ते बारकावे म्हणजे बहुतेक कॅमेऱ्याचा नॉइज. सगळे बिट त्यातच जातात. अशा लेक्चरला मी आता 35 पासून सुरुवात करतो.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. चाचणीसाठी लोक पहिलं मिनिट घेतात. तिथे असते शीर्षकाची स्थिर स्लाइड, ती 50 लाही छान दिसते. खरी परीक्षा मधल्या भागात असते: सर फळ्यावर लिहीत आहेत, कॅमेरा हळूच सरकतोय, फिकट खडूने घातांक लिहिलाय. तेच मिनिट कापा:

```
ffmpeg -ss 00:41:00 -t 60 -i lecture.mp4 \
 -c:v libsvtav1 -preset 6 -crf 35 -g 300 \
 -pix_fmt yuv420p10le -c:a copy test35.mkv
```

मग 30 आणि 40 चीही फाइल काढा आणि तिन्हीत एकाच क्षणी थांबून बघा. माझ्या लेक्चरमध्ये 40 ला चेहरा ठीक होता, पण x² मधला 2 फळ्याच्या रंगात विरघळला होता. गणिताच्या लेक्चरमध्ये हे चालणारच नाही, म्हणून मी 35 वर थांबलो.

प्रीसेट मात्र चाचणीआधीच ठरवा. आकडा जितका लहान, तितकं काम सावकाश. नंतर 6 चा 4 केलात तर त्याच सीआरएफला साइज आणि दर्जा दोन्ही बदलतात, म्हणजे चाचणी पुन्हा करावी लागते. किती वेळ लागेल हे स्क्रीनवरच्या `speed=` वरून कळतं: 0.5x दिसलं तर दीड तासाच्या लेक्चरला तीन तास.

`-g 300` म्हणजे 30 एफपीएसला दर दहा सेकंदांनी एक कीफ्रेम. साइज वाचवायला कुणी 3000 करतं. मग विद्यार्थी पुढे उडी मारतो तेव्हा प्लेयरला मागच्या कीफ्रेमपासून सगळं डीकोड करत यावं लागतं आणि चित्र अडकतं. जुन्या फोनवर, जिथे एव्ही-वनचा हार्डवेअर डीकोडर नसतो, हे लगेच जाणवतं. अशा फोनवाल्यांसाठी एक्स-२६४ ची प्रत जवळ ठेवा.