उमेदवारांना उशीर कळवताना या चुका टाळा

गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेसाठी मी माणसं निवडतो. एका पावसाळ्यात केमिस्टच्या दोन जागांसाठी सहा जणांच्या मुलाखती घेतल्या. निघताना प्रत्येकाला "आठ दिवसांत कळवतो" असं सांगितलं. पाच आठवडे गेले, चवथ तोंडावर आली, तेव्हा मी सगळ्यांना एकच मेल पाठवला:

"काही अंतर्गत कारणांमुळे निवड प्रक्रियेस विलंब होत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. लवकरच संपर्क साधू."

संध्याकाळपर्यंत चौघांची उत्तरं आली आणि चौघांचा प्रश्न एकच होता: "सर, म्हणजे मी थांबू का?" मेल फसल्याची याहून स्पष्ट खूण नाही. सावंतवाडीच्या एका मुलीच्या हातात तेव्हा दुसरी ऑफर होती आणि माझ्या "लवकरच"वर विसंबून तिने ती सोडली. त्याची बोच मला अजून आहे.

पहिली चूक म्हणजे सहा जणांना एकच मजकूर पाठवला, तेव्हा त्यांची स्थिती मुळीच एक नव्हती. एकाला ऑफर गेली होती आणि त्याला सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं. दोघं त्याच्यामागे राखीव होते. उरलेल्या तिघांना घ्यायचं नाही हे मुलाखतीनंतर दोनच दिवसांत ठरलं होतं. "सगळं पक्कं झालं की एकदमच नकार कळवू" या सवयीपायी ते तिघे पाच आठवडे ताटकळले. म्हणून मजकूर लिहायला बसण्याआधी नावांचे गट पाडा. ज्यांचा निर्णय झालाय त्यांना उशिराची माफी मागून त्याच दिवशी नकार कळवा. त्यांना "प्रक्रिया सुरू आहे" म्हणणं खोटंच आहे. आणि प्रत्येकाला वेगळा मेल पाठवा. सगळे पत्ते `To` मध्ये टाकले की कोणाकोणाच्या मुलाखती झाल्या ते सगळ्यांनाच दिसतं. गोवा लहान आहे, उमेदवाराच्या सध्याच्या साहेबापर्यंत बातमी जायला वेळ लागत नाही.

दुसरी चूक "अंतर्गत कारणं" ही. खरं कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं होतं: दोनपैकी एक जागा मुख्य कार्यालयाने खर्चाच्या मंजुरीसाठी थांबवली होती, आणि दुसरीची ऑफर बाहेर होती. हे सांगायला मी कचरलो, कारण राखीव उमेदवाराला आपण दुसऱ्या पसंतीचे आहोत हे कळून वाईट वाटेल अशी भीती होती. वाईट वाटतंच. पण हे कळलं तर तो हातातली दुसरी ऑफर सोडत नाही. ऑफर कोणाला दिली, किती पगारावर दिली, हे मात्र सांगायचं नाही. ती त्या माणसाची खासगी बाब आहे.

तिसरी चूक सर्वांत महागात पडते: जी तारीख आपल्या हातात नाही ती देणं. मंजुरी मुख्य कार्यालयातून येणार, मग "पुढच्या आठवड्यात निकाल" मी कशाच्या बळावर लिहिणार? निकालाची तारीख माझी नसली तरी पुढच्या मेलची तारीख माझीच असते. तीच द्या.

राखीव असलेल्या दोघांना मी शेवटी असं लिहिलं:

"नमस्कार. मुलाखतीनंतर आठ दिवसांत कळवतो म्हणालो होतो, पाच आठवडे झाले. मधे एकदाही लिहिलं नाही ही माझी चूक आहे, माफ करा. आजची स्थिती अशी: दोनपैकी एक जागा मंजुरीअभावी थांबली आहे आणि ती कधी मोकळी होईल ते मला माहीत नाही. दुसऱ्या जागेची ऑफर एका उमेदवाराला दिली आहे, त्यांचं उत्तर सोमवारपर्यंत येईल. त्यांनी नकार दिला तर आम्ही तुमचा विचार करू, पण आज मी तुम्हाला काहीच आश्वासन देऊ शकत नाही. दुसरी संधी आली तर आमच्यासाठी ती अडवून ठेवू नका, आणि आमचं लेखी ऑफर लेटर हाती येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत, काही ठरलं नसलं तरी, मी पुन्हा लिहीन."

यातलं राजीनाम्याचं वाक्य गाळू नका. साठ किंवा नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड असलेला माणूस आपल्या नुसत्या सुरावरून अंदाज बांधून राजीनामा देऊन बसतो. "तुमची मुलाखत खूप आवडली" हे कौतुक अशा मेलमध्ये म्हणूनच नको, वाचणारा त्याला होकार समजतो.

मंगळवार आला तेव्हा ज्याला ऑफर दिली होती त्याने आणखी चार दिवस मागितले होते, म्हणजे सांगण्यासारखं नवीन काहीच नव्हतं. तरी पाचच्या आत दोघांना तेवढंच लिहिलं आणि पुढची तारीख शनिवारची दिली. दोघांपैकी एकाने लगेच उलट कळवलं की कुंडईत दुसरीकडे त्याचं काम झालंय, आमच्या यादीतून नाव काढावं.