खमंग काकडीला पाणी सुटू नये म्हणून: मीठ आधी, आणि मग पिळा

इंदूरात आपल्या मराठी घरांमध्ये श्रावण लागला की खमंग काकडी पानात येतेच, आणि दुसरी वाढ घेईपर्यंत तिचं सार झालेलं असतं. यावर सल्ला एकच ठरलेला: "मीठ अगदी शेवटी घाला." दोन माणसं लगेच जेवायला बसणार असतील तर तो चालतो. पंगत असेल तर अजिबात नाही. मीठ शेवटी घातलं तरी पाणी सुटायचं ते सुटतंच, फक्त ते स्वयंपाकघरात सुटायच्या ऐवजी पानात सुटतं. म्हणून ते पाणी आपणच आधी काढून टाकायचं.

दोन मध्यम काकड्या घ्या, सोलून साधारण अर्धा किलो भरतील अशा. कडू टोकं काढा आणि काकडी चोचवून घ्या. किसू नका. किसणीवर काकडीच्या पेशी फाटतात आणि आतलं पाणी मिठाची वाट न बघता वाहून जातं. हाती लगदा उरतो, आणि तो कितीही पिळला तरी कुरकुरीत होत नाही. बालम काकडी असेल तर मधला बियांचा मऊ भाग काढून टाका, त्यात पाणीच पाणी असतं.

आता खरी पायरी. चोचवलेल्या काकडीवर चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅमच्या आसपास बारीक मीठ घाला आणि हाताने हलकेच सगळीकडे लावा. खडे मीठ किंवा सैंधव असेल तर आधी कुटून घ्या, कारण न विरघळलेला खडा काही करत नाही. सोबत काकडीची एक पातळ गोल चकतीही मीठ लावून त्याच भांड्यात ठेवा. ती का, ते पुढे सांगते.

काकडीत शेकडा पंच्याण्णवच्या वर पाणी असतं. ते तिच्या असंख्य पेशींमध्ये कोंडलेलं असतं. प्रत्येक पेशी गच्च भरलेली असते, म्हणून काकडी दाताखाली कट्‌कन तुटते. पेशीच्या आवरणातून पाणी सहज ये-जा करतं, मीठ-साखर मात्र सहज जात नाही. तुम्ही लावलेलं मीठ फोडीच्या ओल्या पृष्ठभागावर विरघळतं आणि तिथे चांगलं खारट पाणी तयार होतं. पेशीच्या आतलं पाणी त्या मानाने पातळ, म्हणजे त्यात विरघळलेलं कमी. पाणी नेहमी अशा पातळ बाजूकडून दाट बाजूकडे सरकतं. शाळेत शिकलेलं परासरण ते हेच. पेशी रिकाम्या होतात, ढिल्या पडतात आणि फोड आक्रसते. मीठ पाणी "शोषून" घेतं असं बरेच जण म्हणतात, पण भांड्याच्या तळाशी जमलेलं ते पाणी काकडीच्या पोटातलं असतं.

यातूनच वेळेचं उत्तर निघतं. पाच मिनिटांत पिळलंत तर फक्त वरवरचं पाणी निघेल आणि आतलं पुढे पानात उतरेल. तासन्‌तास ठेवलंत तर काकडी चामट आणि आतपर्यंत खारट होते. कारण पेशी फार वेळ खारट पाण्यात राहिल्या की त्यांची आवरणं मोडतात आणि मग मीठही आत शिरतं. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायला सांगणाऱ्यांना त्यांची काकडी त्यांनाच खायला लावावी. वीस मिनिटं ते अर्धा तास पुरतो. फोडी जाड असतील तर अर्धा तासच. घड्याळापेक्षा ती चकती बघा. सुरुवातीला वाकवली की तुटते. काम झालं की न तुटता दुमडते आणि बोट सोडलं तरी दुमडलेलीच राहते. चकती अजून तुटत असेल तर थांबा.

मग मुठीमुठीने पिळा, पण दम लावून नाही. जोर करून पिळलेल्या काकडीच्या पेशी चिरडतात आणि मग किसण्याचं टाळलेलं संकट परत येतं. अर्धा किलोतून साधारण अर्धी वाटी पाणी निघतं. ते कणकेत घाला, पोळीला वेगळं मीठ नको.

लावलेल्या मिठातलं बरंचसं त्या पाण्याबरोबर जातं, तरी थोडं मागे राहतंच. म्हणून चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नका. खारट झालीच तर गार पाण्याखाली झटकन धुवून पुन्हा पिळा. भांडंभर साध्या पाण्यात बुडवून ठेवलीत तर सगळी उलट गत होईल: आता पेशीतलं पाणी दाट आणि बाहेरचं पातळ, म्हणून काकडी घालवलेलं पाणी परत पिऊन घेईल आणि सगळी मेहनत वाया.

मिठाच्या जागी साखर लावून चालेल का, असं विचारतात. चालेल, पण वजनाला वजन घेतलं तर मिठाची ओढ साखरेच्या अकरा-बारापट असते. ओढ ठरते ती विरघळलेल्या कणांच्या संख्येवर. साखरेचा रेणू जड, आणि मीठ पाण्यात गेलं की त्याचे आणखी दोन-दोन कण होतात. म्हणून चवीपुरती चमचाभर साखर शेवटी घातल्याने काही बिघडत नाही, तेवढंच मीठ मात्र बिघडवतं.

पुढचं सोपं: दाण्याचं कूट, ओलं खोबरं, मिरची, लिंबू, वरून तूप-जिऱ्याची फोडणी. कूट वाढायच्या आधी.

किसमिस भिजवताना हाच खेळ उलटा चालतो. सियागंजातून आणलेल्या किसमिसमध्ये पाणी जेमतेम पंधरा-सोळा टक्के आणि साखर जवळजवळ दोन तृतीयांश. अशी दाट गोष्ट साध्या पाण्यात टाकली की पाणी आत धावतं. सुरकुत्या जातात, दाणा टपोरा होतो. गार पाण्यात दोन-तीन तास, कोमट पाण्यात त्याहून कमी. एक दाणा आडवा कापून बघा, मध्ये चिवट गाभा दिसला तर अजून वेळ आहे.

रात्रभर इथेही नको. वाळताना द्राक्षाच्या पेशी मेलेल्या असतात, त्यामुळे साल ही काही पक्की चाळणी नाही. पाणी आत येतं तशी साखरही हळूहळू बाहेर झिरपते. पाणी पिवळट आणि गोड झालेलं दिसतं ते त्यामुळेच, आणि दाणे बेचव होतात. तेही पाणी फेकू नका, शिऱ्याला वापरा.

शिकंजीत घालायची किसमिस आधी साध्या पाण्यातच फुगवा. घट्ट गोड दुधात कोरडी टाकली तर बराच वेळ चिवट राहते, कारण बाहेरही दाट आणि आतही दाट, पाण्याला ओढ कमी. फुगलेली किसमिस एकतारी पाकात मात्र टाकू नका, पाक तिचं पाणी काढून घेतो आणि ती परत सुरकुतते. शिऱ्यासाठी तुपात परतायची असेल तर भिजवूच नका. कोरडी किसमिस गरम तुपात आपोआप फुगते, आणि भिजवलेली तडतडून तूप हातावर उडवते.