गल्लीचा वॉचमन आणि गेटचा खर्च वाटताना या चुका टाळा

आमची गल्ली पुण्यातली, नऊ प्लॉटची. तोंडाशी दोन झडपांचं लोखंडी गेट, शेवटी भिंत. दोन जुनी बैठी घरं, पाच बंगले, वरच्या मजल्यावर भाडेकरू असलेला एक बंगला आणि एका प्लॉटवर सहा फ्लॅटची इमारत. या गल्लीचा हिशोब बरीच वर्षं माझ्याकडे आहे. भांडणं झाली ती पैशांपेक्षा वाटणीच्या पद्धतीवरून, आणि बहुतेक वेळा चूक सुरुवातीलाच झालेली होती.

पहिली चूक: फक्त पगार वाटणे

वॉचमनला महिना 14,000 ठरले की लगेच कोणीतरी 14,000 भागिले नऊ करतं. पण आठवड्याच्या सुट्टीला बदली माणूस लागतो. आमच्याकडे महिन्यात चार रात्रींचे 600 प्रमाणे 2,400 होतात. दिवाळीला एक पगार द्यायचा, म्हणजे महिन्याला साधारण 1,167 बाजूला पडले पाहिजेत. बॅटरी, रेनकोट, केबिनच्या दिव्याचं बिल, रात्रीचा चहा यांचे 433 धरले तर खरा आकडा 18,000 होतो. 14,000 वर वर्गणी ठरवलेल्या गल्लीत ऑक्टोबर आला की दिवाळीसाठी जादा मागणी निघते, आणि नेमकं तेव्हाच "आम्हाला आधी सांगितलं नव्हतं" ऐकू येतं. बदली माणसाचे पैसे धरले नसतील तर तोच वॉचमन महिनाभर सुट्टीविना उभा राहतो. आम्ही त्याला रात्री 10 ते सकाळी 6 असे आठ तासच ठेवतो. पहाटे तीनला खुर्चीत मान टाकलेला माणूस बहुधा आळशी नसतो. तो दिवसा दुसरीकडे राबून आलेला असतो किंवा त्याला बारा तास उभं केलेलं असतं.

दुसरी चूक: सगळ्याला एकच माप

प्लॉटवार समान वाटलं तर प्रत्येकी 2,000. मग बैठ्या घरातल्या पेन्शनवर जगणाऱ्या आजी 2,000 देतात आणि इमारतीतला एकेक फ्लॅट 333 देतो. क्षेत्रफळावर वाटलं तर मोठ्या बंगल्याचे काका म्हणतात, "माझ्या बागेतल्या आंब्याला वॉचमन लागत नाही." दोन्ही तक्रारी रास्त आहेत.

इमारतीतले लोक बऱ्याचदा सोसायटीच्या नियमाचा दाखला देतात. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत सुरक्षेचा खर्च सेवाशुल्कात येतो आणि तो फ्लॅट लहान असो वा मोठा, सर्वांना सारखा असतो. हे खरं आहे, पण तो नियम एका सोसायटीच्या सभासदांमधला. स्वतंत्र मालकांच्या गल्लीला तो आपोआप लागू होत नाही. त्यातलं तत्त्व मात्र घेण्यासारखं आहे: राखण दाराची असते, चौरस फुटांची नसते.

आम्ही शेवटी हिस्से पाडले. प्रत्येक चुलीला दोन हिस्से. ज्या घराला स्वतःचं कंपाउंड आहे आणि वॉचमन त्याच्या मागच्या बाजूलाही फेरी मारतो, त्याला वर एक. म्हणजे बैठ्या घराला दोन, कारण त्यांचं दार थेट गल्लीत उघडतं. बंगल्याला तीन. भाडेकरू असलेल्या बंगल्याला दोन चुलींचे चार आणि कंपाउंडचा एक, असे पाच. इमारतीच्या सहा फ्लॅटचे बारा. त्यांचं आतलं गेट रात्री त्यांच्याच कुलपात असतं आणि वॉचमन आत जात नाही, म्हणून कंपाउंडचा हिस्सा नाही. बेरीज: चार, पंधरा, पाच आणि बारा, एकूण 36. 18,000 ला 36 ने भागलं की एक हिस्सा 500 रुपये. बैठं घर आणि फ्लॅट 1,000, बंगला 1,500, भाडेकरूवाला बंगला 2,500.

इमारतीचे 6,000 एकदम बघून त्यांच्यातले दोघेजण बैठकीतून उठले होते. फ्लॅटमागे 1,000, म्हणजे शेजारच्या बैठ्या घराइतकेच, हे कागदावर समोर ठेवल्यावर ते परत बसले. आकडा नेहमी दारामागे सांगा. एका पत्त्याची एकगठ्ठा रक्कम सांगितली की भांडण ठरलेलं.

बंद घराला सूट द्यावी का, हा प्रश्न दरवर्षी येतो. मुलाकडे परदेशी गेलेल्यांचं घर सहा महिने कुलूपबंद असतं आणि वॉचमनची खरी नजर तिथेच लागते. सूट देऊ नका. रिकाम्या प्लॉटला मात्र एकच हिस्सा पुरे.

तिसरी चूक: गेटचा खर्च पगारात मिसळणे

पगार दर महिन्याला लागतो, गेट अचानक खर्च काढतं. दोन्ही एकाच डब्यात असले की वेल्डरला दिलेले पैसे वॉचमनच्या पगारातून जातात. आम्ही गेटसाठी प्रत्येक प्लॉटकडून वर्षाला 1,000 घेतो, इथे सगळे समान, कारण गेट चुली मोजत नाही. हे 9,000 वेगळ्या वहीत लिहितो.

गेटची झडप खाली बसली आहे हे कसं ओळखायचं? कडी समोरच्या भोकात बसायला झडप उचलावी लागते आणि रस्त्यावर अर्धगोल ओरखडा उमटतो. बहुतेक जण वेल्डर बोलावून कडी वर-खाली करून घेतात. चार महिन्यांत पुन्हा तेच, कारण दुखणं बिजागरीत असतं किंवा कललेल्या खांबात. आधी झडप उचलून हलवून बघा. बिजागरी खुळखुळत असेल तर ती बदला. खांबच हलत असेल तर पायाशी काँक्रीट भरल्याशिवाय वेल्डिंगचे पैसे वाया जातात. बिजागरीला वर्षातून दोनदा ग्रीस आणि मे महिन्यात झडपेच्या तळाला रेड ऑक्साइड लावून ऑइलपेंट, एवढं केलं तर गंज बराच आवरतो, कारण पाणी साचतं ते खालच्या पट्टीतच.

टेम्पोनं झडप वाकवली तर दुरुस्ती ज्याच्या घरी टेम्पो आला होता त्याच्याकडून, हेही आधीच लिहून ठेवा. आमच्याकडे हे लिहिलेलं नव्हतं आणि एका सामानाच्या टेम्पोवरून दोन घरांतलं बोलणं वर्षभर बंद होतं.

आणि एक: रस्ता महापालिकेच्या ताब्यात असेल तर गेट लावून लोकांना अडवता येत नाही. क्षेत्रीय कार्यालयात आधी विचारा. परवानगी असली तरी रात्री कडी पुरे, कुलूप लावायचंच तर किल्ली गेटवरच्या वॉचमनकडे हवी. ॲम्ब्युलन्स आणि अग्निशमनाची गाडी कोणाच्या झोपेची वाट पाहणार नाही.

चौथी चूक: वॉचमनलाच वसुलीला पाठवणे

सात तारखेला हातात वही घेऊन दारोदार फिरणारा वॉचमन मी पाहिलाय. त्याच्याच पगाराची वर्गणी तो मागत होता आणि एका घरातून "उद्या ये" आलं. त्या दिवशी मी वही त्याच्या हातातून घेतली. आता तीन महिन्यांची वर्गणी आगाऊ घेतो आणि एका महिन्याचे 18,000 बाजूला ठेवतो. कोणी थकवलं तरी पगार एक तारखेला होतो. थकबाकी गल्लीच्या हिशोबात त्या घरासमोर तशीच दिसते, इतरांच्या वर्गणीत लपवत नाही. नोंदणी केलेली संस्था नसेल तर ती वसूल करायला दुसरं फारसं साधन नसतं, म्हणून हिस्स्यांच्या कागदावर सगळ्यांच्या सह्या पहिल्याच दिवशी घ्या.

एजन्सीमार्फत माणूस घेतला तर बिलावर 18 टक्के जीएसटी आणि एजन्सीचा वाटा चढतो. एजन्सीचा परवाना मागून बघा आणि वॉचमनच्या हातात किती पडतात ते त्यालाच विचारा. थेट ठेवत असाल तर पोलिस ठाण्यातून त्याची पडताळणी करून घ्या.