तोंडी परीक्षेला जाण्याआधी: ब्लूची कोणती अट मोडली की काय जातं

गेल्या वर्षी एम.ए.च्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत मी नेमकी इथेच अडकले, म्हणून यंदा बसणाऱ्यांसाठी हे लिहून ठेवतेय. माझा विषय होता मालाड-कांदिवलीतल्या फ्लॅटची भाडी. लीस्ट स्क्वेअर्सचं उत्तर ब्लू, म्हणजे ‘बेस्ट लिनिअर अनबायस्ड एस्टिमेटर’, ठरावं म्हणून लागणाऱ्या गॉस-मार्कोव्हच्या अटी मला पाठ होत्या. कुठली अट मोडली की ब्लूमधला कुठला शब्द गळतो, हे मात्र मी एकदाही नीट मांडून बघितलं नव्हतं.

मॉडेल पॅरामीटरमध्ये रेषीय असावं. क्षेत्रफळाचा वर्ग घातला तरी चालतो, एवढं लक्षात असू द्या आणि पुढे चला. व्हेरिएबल्समध्ये परिपूर्ण कोलिनिअॅरिटी नको. डेटा सगळ्या मुंबईचा असेल, प्रत्येक फ्लॅट वेस्टर्न, सेंट्रल किंवा हार्बर यांपैकी एकाच लाइनवरचा असेल आणि इंटरसेप्ट ठेवून तिन्ही डमी घातल्या, तर उत्तर एकमेव राहतच नाही. R एका डमीसमोर NA दाखवतं. पण दोन व्हेरिएबल्स नुसती एकमेकांच्या जवळ असतील तर एकही अट मोडत नाही, फक्त स्टँडर्ड एरर फुगतात.

आता खरी अट, जी मी विसरले: X दिलेलं असताना एररची सरासरी शून्य, म्हणजे एक्झोजेनिटी. ही मोडली की ‘अनबायस्ड’ जातं. आणि अनबायस्ड गेलं की ‘बेस्ट’ची गोष्टच संपते, कारण ती तुलना अनबायस्ड एस्टिमेटरांमधलीच असते.

मी ही अट ‘तपासली’ होती. अशी:

```
m <- lm(bhade ~ area, data = d)
cor(resid(m), d$area)
```

उत्तर जवळपास शून्य आलं आणि मी रिपोर्टमध्ये लिहून टाकलं की अट पूर्ण होते. परीक्षकांनी विचारलं, ‘‘हे उत्तर कधी शून्य नाही येणार?’’ मला सांगता आलं नाही. लीस्ट स्क्वेअर्स रेसिड्युअल काढतानाच ते X शी असंबद्ध होतील असे काढतं, त्यामुळे डेटा कितीही बिघडलेला असो, हा आकडा शून्यच येणार. रेसिड्युअल म्हणजे एरर नव्हे. रेसिड्युअल बघून ही अट तपासता येत नाही, प्लॉट काढूनही नाही. फार तर रेषेचा आकार चुकलाय का ते त्यात दिसेल. सुटलेलं व्हेरिएबल दिसेलच असं नाही.

सोयीचे आकडे धरून बघा. समजा, स्टेशनपासून सारख्याच अंतरावरच्या फ्लॅटमध्ये शंभर चौरस फूट जास्त म्हणजे भाडं ६,००० रुपये जास्त. चालायला लागणाऱ्या प्रत्येक जादा मिनिटामागे भाडं ५०० रुपयांनी उतरतं. आणि मोठे फ्लॅट लांब आहेत: दर शंभर फुटांमागे सरासरी २ मिनिटं. मिनिटं मॉडेलमध्ये घेतली नाहीत तर ती एररमध्ये जाऊन बसतात आणि एरर क्षेत्रफळाबरोबर हलते. मग क्षेत्रफळाच्या वाट्याला येतात ६,००० वजा १,०००, म्हणजे ५,०००. चाळीसऐवजी चार हजार फ्लॅट गोळा करा, आकडा ५,००० भोवतीच घट्ट होत जाईल. स्टँडर्ड एरर छान बारीक दिसेल आणि उत्तर चुकलेलंच राहील.

म्हणून सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागद घ्या. भाडं कशाकशाने ठरतं ते दलालाला विचारून लिहा, आणि प्रत्येकासमोर लिहा: हे क्षेत्रफळाबरोबर हलतं का? दोन्हीला ‘हो’ असेल आणि ते मॉडेलमध्ये नसेल, तर बायस आहे. भाड्यावर परिणाम आहे पण क्षेत्रफळाशी संबंध नाही, तर क्षेत्रफळाच्या गुणकाला बायस नाही. हा कागद मी केला नव्हता. तुम्ही कराच.

पुढची अट, सगळ्या एररचा व्हेरिअन्स सारखा असणं. मोठ्या फ्लॅटची भाडी जास्त विखुरलेली असतात, प्लॉट पंख्यासारखा उघडतो. इथे ‘बायस येतो’ म्हणू नका! अनबायस्ड शाबूत राहतं; जातं ते ‘बेस्ट’, आणि नेहमीचं स्टँडर्ड एररचं सूत्र चुकतं. रोबस्ट स्टँडर्ड एरर सूत्र सुधारतात, ‘बेस्ट’ परत आणत नाहीत. ते हवं तर व्हेरिअन्सचा आकार माहीत असायला हवा, मग वेटेड लीस्ट स्क्वेअर्स.

एरर एकमेकींशी संबंधित नसाव्यात. एकाच बिल्डिंगमधले पाच फ्लॅट असतील तर त्या असतातच. नुकसान वरच्यासारखंच, इमारतीप्रमाणे क्लस्टर करा. मात्र कालमालिकेत मागचं भाडंच X म्हणून घेतलं असेल, तर एररमधल्या अशा संबंधाने गुणकही चुकतो.

नॉर्मॅलिटी ब्लूसाठी लागत नाही. छोट्या सँपलमध्ये t आणि F नेमके बरोबर यावेत म्हणून लागते, बस.

आणि एक्झोजेनिटीचा कागद फाइलमध्ये सगळ्यात वर लावा.